दोन्ही टोकांनी बांधलेला शाफ्ट आणि टॉर्कची वाटणी

फळ्यावरचं चित्र तुम्ही आत येतानाच पाहिलंय. आडवा शाफ्ट, दोन्ही टोकांना तिरप्या रेघांच्या भिंती, अधेमधे कुठेतरी एक गिअर आणि त्या गिअरवर गोल बाण. इथे बसलेल्या प्रत्येकानं हे गणित कधी ना कधी सोडवलेलं आहे. मला आज बोलायचंय ते त्या तिरप्या रेघांबद्दल. त्या ‘इथे काहीच हलत नाही’ असं म्हणतात आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला आधी शाफ्टमधून जावं लागेल.

आकडे एकदा ठरवून टाकू, म्हणजे सगळं बोलणं याच शाफ्टवर होईल. पोलादी शाफ्ट, व्यास ४० मिलिमीटर, दोन भिंतींमधलं अंतर १ मीटर. गिअर डाव्या भिंतीपासून ३०० मिलिमीटरवर, म्हणजे उजवीपासून ७००. गिअरवर टॉर्क १००० न्यूटन-मीटर. डावी भिंत किती घेणार आणि उजवी किती?

समतोलाचा नियम एवढंच सांगतो की दोघींची बेरीज १००० झाली पाहिजे. ५०० आणि ५०० चालेल, ९०० आणि १०० चालेल. एकीनं १२०० घेतले आणि दुसरीनं उलट दिशेनं २०० दिले, तरी समतोलाची काही तक्रार नाही. इथंच घोडं पेंड खातं. अज्ञात दोन आणि समीकरण एक. दुसरं समीकरण बलांमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाही, कारण ते शाफ्टच्या आकारबदलात आहे. गिअर एकच आहे, त्यामुळे तो एकाच कोनातून फिरणार. डावीकडून मोजा किंवा उजवीकडून, गिअरपाशी पिळाचा कोन तोच यायला हवा.

हा कोन कशावर अवलंबून असतो, हे चार्ल्स कूलॉम्बनं १७८४ साली धातूच्या तारा पिळून दाखवलं. टॉर्क दुप्पट तर कोन दुप्पट, लांबी दुप्पट तर कोन दुप्पट, आणि व्यास वाढला की कोन व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. विजेतल्या कामामुळे आपण त्याचं नाव घेतो, पण ते विद्युतबल त्यानं मोजलं ते पिळाच्या तराजूवरच. त्याला आधी तारेचा पीळ कळला होता, म्हणून ते जमलं. हे मी प्रत्येक वर्गात सांगतो, इथेही सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर, कोन सारखा, व्यास सारखा, धातू एकच. मग डावा टॉर्क गुणिले ३०० बरोबर उजवा टॉर्क गुणिले ७००. उत्तर: डावीकडे ७००, उजवीकडे ३०० न्यूटन-मीटर. जवळची भिंत जास्त घेते, कारण आखूड तुकडा पिळायला अवघड असतो. डाव्या तुकड्यातला जास्तीत जास्त कर्तन ताण साधारण ५६ मेगापास्कल येतो, उजव्यात २४. पोलादाचा कर्तन मापांक ८० गिगापास्कल धरला तर गिअर जेमतेम ०.६ अंश फिरतो.

आता माझी जुनी तक्रार. हे उत्तर पाठ करून घेताना सर्रास सांगितलं जातं, ‘तुळईसारखंच आहे, लक्षात ठेवा.’ दोन टेकूंवर ठेवलेली तुळई घ्या, डावीकडून ३०० मिलिमीटरवर वजन ठेवा. तिथेही आधार ७०० आणि ३०० याच प्रमाणात वाटून घेतात. आकडे जुळले, विद्यार्थी खूश, शिक्षकही खूश. पण तुळईत हे आकडे निव्वळ समतोलातून येतात. तुळई लाकडाची असो, पोलादाची असो, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असो, आधारांची वाटणी तीच राहते. शाफ्टमध्ये ही वाटणी ताठरतेवरून ठरते. शाफ्टचा एक भाग जाड केलात की भिंतींवरचे टॉर्क बदलतात. त्या दोन उत्तरांचं साम्य सरळ, एकसारख्या शाफ्टपुरतं आहे. तुळईची आठवण ज्यांच्या डोक्यात पक्की बसते, ते पुढे शाफ्टला पायरी आली की चुकतात. ती चूक कागदावर राहिली तर गुण जातात. यंत्रावर गेली तर काय होतं, ते मी पाहिलंय.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी गिअरचे दात तपासण्याच्या एका बेंचवर काम करत होतो. पिनियन दातावर ठोक्याठोक्यानं जोर द्यायचा आणि गिअरनं जागेवर तग धरून राहायचं. गिअर ज्या शाफ्टवर होता, त्याची दोन्ही टोकं जड ठोकळ्यांत चावीनं बांधलेली, म्हणजे शाफ्ट आणि ठोकळा दोघांच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीनं. मापं जवळपास फळ्यावरचीच, म्हणून आकडे याच शाफ्टचे सांगतो. डाव्या ठोकळ्यातली चावी वारंवार खराब व्हायची. बाहेर काढली की तिच्या एका बाजूवर दाबाची चमकदार पट्टी उमटलेली असायची, कड गोल झालेली आणि शाफ्टमधल्या खाचेचा काठ बाहेर फुगलेला. त्या काठावरून बोट फिरवलं की तो टोचायचा.

बैठक बसली. डावा तुकडा जास्त ताणात आहे हे गणितानं सगळ्यांना ठाऊक होतं. मग ठरलं, डावा तुकडा ५० मिलिमीटरचा करायचा. टोकाची बैठक ४०च ठेवायची, कारण ठोकळ्याचं भोक ४०चं होतं. मला ते अगदी सरळ वाटलं. जिथे ताण जास्त, तिथे धातू जास्त. नवा शाफ्ट कातून आला, बसवला, आणि चावी पूर्वीपेक्षा लवकर गेली.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. व्यास ४० वरून ५० केला की चौथ्या घातामुळे ताठरता जवळपास २.४४ पट होते. आखूड तुकडा आधीच ताठ होता, तो आता आणखी ताठ झाला. पुन्हा वाटणी केली: डावीकडे ८५१, उजवीकडे १४९. शाफ्टमधला ताण ५६ वरून ३५ मेगापास्कलवर उतरला होता, म्हणजे शाफ्टच्या बाजूनं सगळं छान दिसत होतं. पण आमचा शाफ्ट कधी तुटतच नव्हता! मोडत होती ती चावी, आणि तिच्यावरचा टॉर्क ७०० वरून ८५१ झाला होता. १२ बाय ८ची, ४० मिलिमीटर लांबीची चावी. २० मिलिमीटर त्रिज्येवर तिला आधी ३५,००० न्यूटन ढकलत होते, आता साडेबेचाळीस हजार. तिची निम्मी उंची खाचेच्या भिंतीला टेकते असं धरलं, तर बाजूवरचा दाब २१९ वरून २६६ मेगापास्कलवर गेला. आम्ही दुखणाऱ्या अवयवावरच ओझं वाढवून ठेवलं होतं.

मग मी जे सुचवलं, ते ऐकून सगळे माझ्याकडे बघत राहिले. डावा तुकडा परत ४०चा करा, आणि उजवा, ज्याला काहीच त्रास नाही तो, ५०चा करा. आता आकडे बघा. डावीकडे ४८९, उजवीकडे ५११. वाटणी जवळजवळ निम्मीनिम्मी. डाव्या तुकड्यात हात न लावता ताण ५६ वरून ३९ वर, आणि डाव्या चावीच्या बाजूवरचा दाब सुमारे १५३ मेगापास्कल. उजव्या चावीवर ओझं वाढलं, पण तेही डाव्या चावीच्या मूळ ओझ्यापेक्षा बरंच कमी. शाफ्ट पुन्हा कातून घेतला, खांदा यावेळी गिअरच्या दुसऱ्या बाजूला ठेवला, आणि चाव्या टिकल्या. आजही मी पायरीचा शाफ्ट पाहिला की आधी विचारतो, जाड बाजू कुठली आणि ती तिथे कोणी मागितली?

घड्याळाकडे अध्यक्षांचं लक्ष गेलेलं मला दिसतंय. ज्यासाठी मी आलो तो भाग अजून राहिलाय, त्यामुळे आता भराभर सांगतो.

तिरप्या रेघा. आतापर्यंत आपण दोन्ही भिंती पक्क्या धरल्या. पण चावी आणि खाच यांच्यात थोडी फट असतेच. समजा मूळच्या सरळ ४०च्या शाफ्टवर, उजव्या टोकाच्या चावीपाशी ०.१ मिलिमीटरची फट आहे. २० मिलिमीटर त्रिज्येवर म्हणजे ०.००५ रेडियन. गिअर फिरायला लागला की उजवं टोक सुरुवातीला नुसतंच सोबत फिरतं, काही घेत नाही. फट मिटेपर्यंत सगळा टॉर्क डावीकडे. समीकरणात बदल एवढाच की डावीकडून मोजलेला कोन आता उजव्या तुकड्याचा पीळ अधिक फट याच्या बरोबर होतो. डावा टॉर्क येतो ८००, उजवा २००. दशांश मिलिमीटरनं शंभर न्यूटन-मीटर इकडून तिकडे गेले! फट ०.३ मिलिमीटर झाली की डावी भिंत पूर्ण १००० घेते आणि उजवी भिंत फक्त चित्रात उरते. डावी चावी त्या ठोक्यांखाली झिजली तर उलट होतं, ओझं उजवीकडे सरकतं. म्हणून अशा बेंचवर आज काढलेली वाटणी महिन्यानं खरी असेलच असं नाही.

हे ओळखायचं कसं? गिअरला १०० मिलिमीटर त्रिज्येवर डायल गेज लावा आणि टॉर्क हळूहळू वाढवत कागदावर आलेख मांडा, वाचन आडव्या अक्षावर आणि टॉर्क उभ्या. दोन्ही टोकं पहिल्यापासून धरत असतील तर आलेख एकच सरळ रेघ येते आणि १००० न्यूटन-मीटरला सुमारे १.०४ मिलिमीटर दिसतात. एका टोकाला फट असेल तर रेघेला गुडघा दिसतो: आधी कमी चढ, मग फट मिटल्यावर जास्त. आपल्या उदाहरणात गुडघा ३३५ न्यूटन-मीटरच्या आसपास येईल आणि शेवटचं वाचन १.१९ असेल. कुठल्या टोकाला फट आहे हे शोधायला दुसरा गेज ठोकळ्यालगत शाफ्टवर लावा. जे टोक सुरुवातीलाच सरकतं, ते दोषी. ठोकळाच लवत असेल तर गुडघा दिसणार नाही, नुसताच चढ कमी येईल, म्हणून एक गेज ठोकळ्यावरही हवा.

आणि टॉर्क काढल्यावर वाचन शून्यावर येतंय का, ते पाहाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आपल्या शाफ्टचा पीळ गेलाच पाहिजे. नाही गेला तर चावी सरकली असेल किंवा कुठेतरी धातूनं मर्यादा ओलांडली असेल, आणि मग मघापासून केलेली वाटणी पुन्हा मांडायला बसावं लागेल.

प्रश्न असतील तर मी फळ्यापाशीच थांबतो, शाफ्ट पुसू नका.