सी-६ पातळीवरचा हात

मज्जारज्जूला इजा झाली की इजेच्या खालच्या भागाचा मेंदूशी संबंध तुटतो, हे आपण ऐकलेले असते; पण खालचा भाग म्हणजे नेमका कोणता, हे रज्जूच्या कोणत्या खंडाला मार बसला यावर ठरते. मानेत तर एकेका खंडाने माणसाचा सबंध दिवस बदलतो, म्हणून आज मी तिथेच थांबणार आहे. मानेतून चेतांच्या ८ जोड्या निघतात. त्यांपैकी पाचवी, म्हणजे सी-५, मुख्यत्वे कोपर वाकवते, सी-६ मनगट वर उचलते, सी-७ कोपर सरळ करते आणि सी-८ बोटे मिटवते.

उथळ पाण्यात सूर मारून मान मोडलेल्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. डोळे मिटायला सांगून आपण त्याला टाचणी टोचतो. अंगठ्यावर ती गालावर लागते तितकीच टोकदार लागते, मधल्या बोटावर मात्र बोथट. कोपर तो पूर्ण ताकदीने वाकवतो, मनगट थोड्या विरोधाला न जुमानता उचलतो, पण बोटे मिटत नाहीत. ही सी-६ पातळीची इजा. पातळीला नाव मिळते ते शाबूत राहिलेल्या शेवटच्या खंडाचे. मोडलेला मणका वेगळ्या क्रमांकाचा असू शकतो.

इथे एक फसगत होते. हा तरुण कोपर सरळ करतानाही दिसतो आणि घरच्यांना आशा वाटू लागते. प्रत्यक्षात तो खांदा बाहेर फिरवतो आणि हात आपल्या वजनाने खाली पडून सरळ होतो. दंडामागचा स्नायू खरोखर काम करतो का, हे पाहायचे तर दंड आधाराने धरून, वजनाची मदत मिळणार नाही अशा स्थितीत, त्या स्नायूवर बोट ठेवून पाहावे लागते.

बोटे हलत नसली तरी त्याला पकड मिळू शकते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मनगट वर उचलले की बोटांकडे जाणारे कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर, ताणले जातात, बोटे आपोआप वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट खाली सोडले की पकड सुटते. हलकी वस्तू एवढ्यात उचलता येते. सी-५ पातळीच्या माणसाला मनगटच उचलता येत नसल्याने ही सोय नसते.

पण हे सारे त्या कंडऱ्यांच्या आखूडपणावर अवलंबून आहे. हात कडक होऊ नये म्हणून कोणी प्रेमाने मनगट आणि बोटे दोन्ही एकाच वेळी मागे ताणत राहिले, तर कंडरे सैल पडतात आणि पकड कायमची जाऊ शकते. म्हणून बोटे उघडताना मनगट खाली सोडायचे, आणि हातांवर भार देऊन व्हीलचेअरवर सरकताना बोटे मिटलेलीच ठेवायची, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यांतच शिकवावे लागते.