प्लॅन ३०० चा, तरी गेम अडकतो? लेन मोजू नका, टोलनाका बघा

नमस्कार मंडळी! राउटरवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की आज दुसरं काही नाही, तेवढंच. "दादा, १०० चा प्लॅन काढून ३०० चा घेतला. पिक्चर झटकन उतरतो, पण गेम अडकतो तो अडकतोच. कंपनी फसवतेय का?"

बहुतेक वेळा नाही फसवत. तुम्ही जे विकत घेतलंत ते मिळालंय. तुम्हाला हवं होतं ते वेगळंच होतं.

पटकन दोन व्याख्या. एका सेकंदात किती डेटा जाऊ शकतो, ती बँडविड्थ, म्हणजे प्लॅनवरचे एमबीपीएस. एक छोटा निरोप जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ती लेटन्सी. ती मिलिसेकंदात मोजतात, गेममध्ये तिला पिंग म्हणतात. आणि हो, ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० एमबी नव्हे, आठने भागा. झालं, पुढे चला.

आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवे डोळ्यासमोर आणा. एका दिशेला तीन लेन. (एक्सप्रेसवे पुण्यात नाही, किवळ्यात संपतो, हे मला माहितीये. ती कमेंट वाचवा.) समजा तुम्ही बिऱ्हाड हलवताय, सामानाचे पन्नास टेम्पो मुंबईला निघालेत. एकच लेन असती तर एकामागोमाग एक गेले असते. तीन लेनमध्ये ते शेजारी-शेजारी धावतात, म्हणून शेवटचा टेम्पो बराच लवकर पोचतो. पण पहिला टेम्पो? तो दोन्ही वेळेला तेवढ्याच वेळात पोचतो. रस्ता रुंद झाला, मुंबई जवळ आली नाही.

सगळी गोम इथे आहे. पिक्चर उतरवताना तुम्ही शेवटच्या टेम्पोची वाट बघत असता. गेममध्ये तुम्ही बटण दाबलंत की एकच छोटी गाडी सर्व्हरकडे जाते आणि उत्तर घेऊन परत येते. त्या एका गाडीला तीन लेन काय करायच्यात? ३०० काय, १००० चा प्लॅन घ्या, ती गाडी एकाच लेनमधून जाणार.

म्हणून ते "सुपरफास्ट" लिहिलेलं पोस्टर बघितलं की माझं डोकं फिरतं. गाड्या फास्ट नाही झाल्या हो! ४० चा प्लॅन असो की ३०० चा, फायबरमधला प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच धावतो. तुम्ही लेनचे पैसे भरलेत. मी हे माझ्या मामांना जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मग त्याला स्पीड का म्हणतात?" अगदी बरोबर प्रश्न, आणि उत्तर विकणाऱ्यांनी द्यावं.

हीच गोष्ट आता अंतराच्या बाजूने बघा. लेटन्सी कमी करायची तर रस्ता लांडा करावा लागतो. एक्सप्रेसवेवरचा मिसिंग लिंक आठवा. खोपोली ते कुसगाव, अंतर साधारण सहा किलोमीटरने कमी करण्यासाठी आखलेला. ते लेन वाढवणं नव्हे, घाटाचा वळसा टाळणं आहे. इंटरनेटवर तो वळसा टाळायचा म्हणजे जवळचा सर्व्हर निवडायचा. मुंबईचा सर्व्हर पुण्यापासून दीडशे किलोमीटरवर धरू. जाऊन-येऊन तीनशे, म्हणजे प्रकाशाला दीड मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर, जाऊन-येऊन आठ हजार, म्हणजे कमीत कमी ४० मिलिसेकंद. हे सरळ रेषेचं गणित. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते आणि वाटेत राउटर लागतात, त्यामुळे आकडा याहून जास्तच येतो. गेमच्या सेटिंगमध्ये सिंगापूरऐवजी मुंबई निवडण्याची सोय असेल तर ती आधी बघा. पैसे लागत नाहीत.

"पण दादा, माझा पिंग एरवी चांगला असतो, संध्याकाळीच बिघडतो." हा सगळ्यात कामाचा प्रश्न. अंतर तर संध्याकाळी वाढत नाही. मग काय वाढलं? टोलनाक्यावरची रांग.

एका प्रेक्षकाच्या घरची गोष्ट. सिंहगड रोडला राहतात. ते व्हिडिओ कॉलवर बसले की आवाज तुटायचा, आणि नेमका त्याच वेळी मुलीचा फोन चार्जिंगला लागून सगळे फोटो क्लाउडवर चढवायला लागायचा. अपलोड २० एमबीपीएस. फोटोंच्या गाड्या घरातून बाहेर पडायच्या नाक्यावर येऊन थांबतात. समजा २ एमबीची रांग साचली. २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट. सेकंदाला २० मेगाबिट बाहेर पडतात, म्हणजे १६ भागिले २०, ०.८ सेकंद. तुमच्या आवाजाची छोटी गाडी या रांगेच्या शेवटी उभी! आठ मिलिसेकंदांचा पिंग आठशेच्या घरात. डाउनलोडची लेन मात्र रिकामी, म्हणून ते म्हणत होते, "स्पीड टेस्ट तर झकास येते."

तपासायचं कसं? विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी घराची गल्ली तपासा:

```
ping -t 192.168.1.1
```

हा बऱ्याच राउटरचा पत्ता असतो, तुमचा वेगळा असेल तर तो टाका. इथे `time=` पुढे एक ते पाच मिलिसेकंद दिसायला हवेत. आकडा मध्येच पन्नास, शंभरवर उडत असेल तर दोष वायफायचा आहे, प्लॅनला हात लावू नका, केबल लावून बघा. गल्ली ठीक असेल तर Ctrl+C दाबून थांबवा आणि बाहेर बघा:

```
ping -t 1.1.1.1
```

आकडा स्थिर होऊ द्या. मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा. आकडा दहा-वीसने वाढला तर चालेल. शेकड्यांनी वाढला आणि अपलोड थांबवताच खाली आला, तर टोलनाका सापडला. हा पत्ता बहुतेक वेळा जवळूनच उत्तर देतो, त्यामुळे सिंगापूरच्या गेमचा पिंग यावरून कळणार नाही. तो गेममध्येच बघा.

उपाय? सगळ्यात सोपा म्हणजे फोटो रात्री चढू द्या. दुसरा, राउटरच्या मेनूत SQM नावाची, रांग सांभाळणारी सोय आहे का बघा. असेल तर अपलोड २० असताना मर्यादा १७-१८ टाका. "दादा, पैसे २० चे भरले, मी १७ का घेऊ?" ही कमेंट येणारच. कारण पूर्ण २० सोडलं तर रांग पुढे कंपनीच्या डब्यात लागते, तिथे तुमचं काही चालत नाही. थोडं कमी सोडलं की रांग तुमच्या राउटरपाशी लागते, आणि SQM त्या रांगेतून एकट्यादुकट्या छोट्या गाडीला पुढे काढतो. फोटो थोडे उशिरा चढतील, कॉल तुटणार नाही. कंपनीने दिलेल्या अनेक राउटरमध्ये ही सोय नसते, हे आधी तपासा.

मोठा प्लॅन निरुपयोगी आहे, असं मी म्हटलेलं नाही. घरात तिघं एकाच वेळी 4K बघत असतील आणि लेन खरंच भरत असतील, तर जास्त लेन घ्याच, रांगही कमी होईल. पण आधी मोजा. आणि कमेंटमध्ये "दादा ३०० चा प्लॅन आहे" एवढंच लिहू नका, त्यावरून मला काही कळत नाही. तीन आकडे लिहा: राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग, आणि अपलोड चालू असतानाचा पिंग.