रोख रकमेच्या दंडाची नोटीस: खुलाशात काय लिहायचं

श्रोतेहो, नमस्कार.

गावोगावच्या छोट्या व्यावसायिकांना अलीकडे आयकर खात्याकडून एक नोटीस येते. तिचा मथळा असतो ‘कारणे दाखवा’, आणि विचारणा अशी असते की अमुक तारखेला तुम्ही 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारली, तेव्हा तुम्हाला दंड का करू नये? नोटीस वाचून माणूस घाबरतो आणि घाईघाईने उत्तर पाठवतो, की पैसे खरे आहेत, पावती दिलेली आहे, बँकेत भरणा केलाय, करही भरलाय. हे सगळं खरं असतं. पण नोटिशीत विचारलेला प्रश्न वेगळाच असतो. आज त्या प्रश्नाबद्दल आणि त्याच्या प्रामाणिक उत्तराबद्दल बोलायचं आहे.

आधी नियम पाहू. 1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यात 269एसटी हे कलम आलं. कोणीही 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायची नाही, असं ते सांगतं. ‘किंवा त्याहून जास्त’ हे शब्द लक्षात ठेवा. बरोबर 2 लाख घेतले तरी नियम मोडतो, त्याच्या आत राहावं लागतं. ही मर्यादा तीन तऱ्हांनी मोजतात. एका माणसाकडून एका दिवसात मिळालेली एकूण रोकड, एका व्यवहारापोटी मिळालेली एकूण रोकड आणि एकाच प्रसंगानिमित्त एका माणसाकडून मिळालेली एकूण रोकड. सरकार, बँका, सहकारी बँका, पोस्टाचं बचत खातं यांना यातून सूट आहे. उसनवारी, कर्ज, ठेव आणि जमीन-घराच्या व्यवहारातला विसार यांच्यासाठी 20 हजारांची मर्यादा घालणारं वेगळं कलम आहे, त्यात आज शिरत नाही.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. मात्र आधीच्या वर्षांतल्या व्यवहारांच्या नोटिशी जुन्याच कलमांखाली येतात, म्हणून मी जुनेच आकडे घेऊन बोलतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्याच्या गावी एक मंगल कार्यालय आहे. एका लग्नाचं बिल जीएसटीसह 4,10,000 रुपये झालं. बुकिंगच्या वेळी वधूपित्याने 1,50,000 रुपये बँकेतून पाठवले. उरलेल्या 2,60,000 रुपयांचा चेक लग्नाच्या आठवड्यात, बुधवारी दिला. शुक्रवारी संध्याकाळी तो न वटता परत आला. सहीत फरक असल्याचा शेरा होता. शनिवार चौथा, म्हणून बँक बंद. रविवारी लग्न. रात्री वऱ्हाड निघायच्या गडबडीत वधूपित्याने 2,60,000 रुपये रोख मोजून दिले आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकाने ते घेतले. सोमवारी सकाळी मालकाने सगळी रक्कम बँकेत भरली. वर्षअखेरीला लेखापरीक्षकाने हिशेब तपासले आणि ही नोंद आपल्या अहवालात लिहिली, कारण अहवालात तसा रकानाच आहे. नोटीस तिथूनच आली.

इथे दंड होतो तो घेतलेल्या सगळ्या रकमेइतका, मर्यादेच्या वरच्या 60 हजारांपुरता नाही. म्हणजे 2,60,000 रुपये. त्यातले स्वयंपाक्याचे, मांडववाल्याचे, फुलवाल्याचे देऊन झाले आहेत, जीएसटी भरून झालाय, आणि तेवढीच रक्कम दंड म्हणून पुन्हा द्यायची. हा दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही. छोट्या कार्यालयाला हा फटका वर्षभर पुरतो.

पण त्याच दंडाच्या कलमात, 271डीए मध्ये, एक परंतुक आहे. नियम मोडण्यामागे चांगली आणि पुरेशी कारणं होती हे त्या व्यक्तीने सिद्ध केलं, तर दंड लावायचा नाही. सिद्ध करायची जबाबदारी आपली. आणि इथेच बहुतेक खुलासे कमी पडतात. रोख कर्जाच्या कलमाबद्दल 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते इथेही वाट दाखवतं. व्यवहार खरा आणि सचोटीचा असेल, आणि काही प्रामाणिक कारणाने चेकने पैसे घेणं जमलं नसेल, तर दंड न लावण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. यात गोष्टी दोन आहेत. व्यवहार खरा होता ही पहिली. त्या दिवशी रोख का घ्यावी लागली, ही दुसरी. बिल, पावती आणि बँकेतला भरणा पहिलीचं उत्तर देतात. दुसरीबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

मग मंगल कार्यालयाच्या मालकाने काय लिहायचं? तारखांच्या क्रमाने घडलेली हकिगत. बुधवारी चेक घेतला, त्याची छायाप्रत. शुक्रवारी परत आला, बँकेचा रिटर्न मेमो. या एका कागदाला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. मालकाला पैसे बँकेतूनच हवे होते आणि त्याने तसा प्रयत्न केला होता, हे नोटीस येण्याच्या कितीतरी आधीचा, तिसऱ्याच संस्थेने दिलेला हा कागद सांगतो. नंतर लिहून घेतलेल्या प्रतिज्ञापत्राला ते वजन येत नाही.

पुढचा प्रश्न अधिकारी नक्की विचारणार. बँक बंद होती म्हणता, पण आरटीजीएस तर डिसेंबर 2020 पासून रात्रंदिवस चालू आहे, सुट्टीच्या दिवशीही. मग तसे का घेतले नाहीत? ‘बँकेला सुट्टी होती’ हे कारण पूर्वी चालायचं, आता एवढ्याने भागत नाही. आपल्या उदाहरणात वधूपित्याचं खातं अशा शाखेत आहे जिथे त्याने नेट बँकिंग घेतलेलंच नाही. मग त्या बँकेचं तसं पत्र जोडायचं. यूपीआयची मर्यादा साधारण दिवसाला 1 लाखाची, म्हणजे तिथूनही सगळी रक्कम भागली नसती, हेही लिहायचं.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे सोमवारपर्यंत का थांबला नाहीत? किंवा 2 लाखांच्या आत रोख घेऊन बाकीचे नंतर बँकेतून का घेतले नाहीत? हा प्रश्न टाळून खुलासा लिहिला तर तो अधिकाऱ्याच्या हातात आयताच सापडतो. म्हणून उत्तर आधीच द्यायचं. पाहुणे परजिल्ह्यातले, पहाटे निघणार होते. एक चेक नुकताच परत आलेला. लग्न पार पडल्यावर कार्यालयाच्या हातात वसुलीसाठी काही उरत नाही. अशा स्थितीत समोर आलेले पैसे परत करणं म्हणजे ते बुडण्याचा धोका पत्करणं. धंदा करणारा समंजस माणूस त्या रात्री काय करेल, याचं हे प्रामाणिक उत्तर आहे आणि मला ते पटण्याजोगं वाटतं.

आता देणाऱ्याचं. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत सरकारने एप्रिल आणि मे या दोन महिन्यांपुरती रुग्णालयांना 2 लाखांवर रोख घ्यायची मुभा दिली होती. पण अट अशी होती की रुग्णाचा आणि पैसे देणाऱ्याचा पॅन किंवा आधार घ्यायचा, आणि दोघांचं नातंही नोंदवायचं. खात्याला काय हवं असतं ते यातून कळतं: पैसे कोणाचे आणि कुठून आले. म्हणून वधूपित्याचा पॅन, त्याचं लेखी निवेदन, आणि लग्नखर्चासाठी त्याने पतसंस्थेतून काढलेल्या रकमेचा उतारा जोडला, तर पैशाचा माग पूर्ण होतो. इकडे मालकाच्या रोजकीर्दीत रविवारची जमा आणि बँकेच्या स्लिपवर सोमवारचा भरणा, मधे एक दिवसही नाही. हीच रोकड तीन आठवडे कपाटात राहिली असती, तर घाईचं कारण तिथेच कोसळलं असतं.

काही कारणं मात्र लंगडी पडतात. ‘कायदा माहीत नव्हता’ हे एकटं कारण अपुरं आहे. ‘आमच्याकडे सगळे रोखच देतात’ याने तर उलट घडतं, कारण तीच सवय मोडण्यासाठी हे कलम आणलं आहे. काही जण सुचवतात, की पावत्या फोडा, थोडी वधूपित्याच्या नावे, थोडी काकांच्या नावे. लग्न एकच, बिल एकच, म्हणजे व्यवहार एकच, मग देणारे चार असले तरी रोकड एकत्रच मोजली जाते. शिवाय मागच्या तारखेच्या पावत्या करणं म्हणजे वह्यांत खोटी नोंद, आणि त्या खोट्या नोंदींच्या रकमेइतका दंड लावणारं वेगळं कलम 2020 पासून आहे. ज्याचं कारण मुळात प्रामाणिक आहे, त्याने स्वतःच्या हाताने ते नासवू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण कधी कधी नोटीसच चुकीची असते. एका दूधसंघाला वितरकाकडून रोज लाख-दीड लाख रोख येतात. वर्षाचा करार एकच, म्हणून सगळी रोकड एकत्र मोजायची का? 2022 च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने सहकारी संस्थांसाठी परिपत्रक काढून खुलासा केला, की वितरणाचा करार म्हणजे आपोआप एक प्रसंग ठरत नाही. रोजची रक्कम मर्यादेत असेल आणि बाकीच्या दोन अटीही पाळल्या असतील, तर अनेक दिवसांची बेरीज करायची नाही. अशा वेळी प्रामाणिक कारण शोधत बसायचं नाही. नियम मोडलेलाच नाही, हे आधी सांगायचं, आणि कारण त्यानंतर पर्यायी मुद्दा म्हणून मांडायचं.

नोटिशीला उत्तर आयकराच्या संकेतस्थळावर ई-प्रोसीडिंग्ज या भागात द्यायचं असतं. मुदत थोडी असते. बँकेचं पत्र मिळायला वेळ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून मागा. प्रत्यक्ष बाजू मांडायची असेल तर सुनावणीही मागा. पूर्वी हा दंड सहआयुक्त लावत. 1 एप्रिल 2025 पासून तो अधिकार कर निर्धारण अधिकाऱ्याकडे आला आहे.

खुलासा अमान्य होऊन दंडाचा आदेश आला, तर 30 दिवसांत आयुक्त अपील यांच्याकडे दाद मागता येते, आणि तिथेही नाही जमलं तर न्यायाधिकरणाकडे. मात्र आयकर नियमांतल्या 46ए या नियमामुळे आधी न दिलेला कागद अपिलात सहजासहजी घेत नाहीत, तो आधी का दिला नाही हे पटवून द्यावं लागतं. तेव्हा तो रिटर्न मेमो, नेट बँकिंग नसल्याचं पत्र आणि पतसंस्थेचा उतारा पहिल्याच उत्तरासोबत जाऊ द्या, आणि पाठवल्याची पोचपावती जपून ठेवा.

नमस्कार.