नातवाचं बोट आणि काकींचं बँक खातं

(फोंड्यातल्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मी गेली काही वर्षं पैशांच्या व्यवहारांची अ‍ॅप्स बनवण्याचं काम करतो. आज एकाच घटनेबद्दल बोलणार आहे, कारण ती नीट उलगडली की फोनमधल्या सुरक्षा-चिपचं काम कळतं.

डिचोलीला आमच्या शेजारी एक काकी राहतात. गेल्या चवथीला त्यांचा नातू पुण्याहून आला होता. फोन सारखा मागायला नको म्हणून त्यानं काकींच्या फोनमध्ये स्वतःचं बोटही नोंदवलं. दुसऱ्या दिवशी काकींनी बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर बोट लावून आत जाता येईना. ‘फिंगरप्रिंट बदलले आहे, पासवर्ड टाका’ असा संदेश आला. काकी घाबरल्या. त्यांनी नातवाचं बोट काढून टाकलं, तरी संदेश जाईना. मग माझ्याकडे आल्या. ‘कुणी फोनमध्ये घुसलंय का रे?’ असं विचारत होत्या.

कुणीही घुसलं नव्हतं. अ‍ॅप बिघडलंही नव्हतं. ते अगदी बरोबर वागत होतं.

काकींनी पहिल्यांदा ‘बोटानं लॉगिन’ सुरू केलं तेव्हा काय झालं, तिथून सुरुवात करू. अ‍ॅपनं फोनच्या सुरक्षित भागाला सांगितलं, किल्ल्यांची एक जोडी बनव. त्यातली एक खाजगी, दुसरी जाहीर. जाहीर किल्ली बँकेकडे गेली. खाजगी किल्ली वाचता येईल अशा रूपात त्या भागाबाहेर कधीच येत नाही. ती अ‍ॅपला मिळत नाही, बँकेलाही मिळत नाही. एखाद्या खोलीत कारकून शिक्का घेऊन बसलाय असं समजा. खिडकीतून कागद आत सरकवायचा आणि शिक्का उमटलेला कागद परत घ्यायचा. शिक्का मात्र खिडकीबाहेर येत नाही.

ही खोली सगळ्या फोनांत सारखी नसते. आयफोनमध्ये 2013 च्या 5एस पासून मुख्य प्रोसेसरच्या शेजारी स्वतःचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो, त्याला सिक्युअर एन्क्लेव्ह म्हणतात. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत मुख्य प्रोसेसरच दोन जगांत विभागलेला असतो. एका जगात अँड्रॉइड आणि तुमची सगळी अ‍ॅप्स चालतात, दुसऱ्या छोट्या जगात किल्ल्या आणि बोटांची ओळख. पहिल्या जगाला दुसऱ्यातली मेमरी वाचता येत नाही. काही फोनांत यापुढे जाऊन पूर्णपणे वेगळी चिप बसवलेली असते. गुगलच्या पिक्सेल 3 मध्ये 2018 साली आलेली टायटन एम ही त्यातलीच.

आता रोजचं लॉगिन. बँक एक यादृच्छिक आकडा पाठवते, दर वेळी नवा. अ‍ॅप तो आत सरकवतं आणि म्हणतं, यावर सही कर. तेव्हा आतून अट येते की आधी बोट पटू दे. बोटाची तुलनाही सुरक्षित जगातच होते. बोट पटलं की बोट ओळखणारा भाग किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाला एक चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी अँड्रॉइडच्या हातातून जाते, पण तिच्यावर अशा गुपिताची मोहोर असते जे सुरक्षित जगाबाहेर कुणालाच ठाऊक नाही. म्हणून अँड्रॉइडमध्ये शिरलेल्या चोरट्या अ‍ॅपला खोटी चिठ्ठी बनवता येत नाही. चिठ्ठी खरी ठरली की सही होते आणि बँक आपल्याकडच्या जाहीर किल्लीनं ती तपासते.

त्या चिठ्ठीत एक ओळखक्रमांक असतो. तो कुठल्या एका बोटाचा नसतो, फोनमध्ये नोंदवलेल्या बोटांच्या संचाचा असतो. नवं बोट नोंदवलं की तो बदलतो. काकींची किल्ली जुन्या क्रमांकाशी बांधलेली होती, त्यामुळे नातवाचं बोट नोंदवल्याक्षणी ती कायमची निकामी झाली. अ‍ॅप लिहिणाऱ्याला तेव्हा `KeyPermanentlyInvalidatedException` ही चूक दिसते आणि तिच्यावरून तो ‘पासवर्ड टाका’ हा संदेश दाखवतो. नातवाचं बोट काढल्यावर जुना क्रमांक परत येत नाही, म्हणून काकींचा उपाय चालला नाही.

हे इतकं कडक का, असं काकींनीही विचारलं. समजा, फोन चोरीला गेला आणि चोरानं मागून डोकावून स्क्रीनचा पिन पाहिलेला आहे. त्या पिनवर तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं बोट नोंदवू शकतो. किल्ली जिवंत राहिली असती, तर बँकेच्या दाराशी त्याचं बोटही काकींचंच ठरलं असतं.

यावरून घरी करण्यासारखी एक परीक्षा सुचते. फोनमध्ये स्वतःचंच आणखी एक बोट नोंदवा आणि पैशांची अ‍ॅप्स उघडून बघा. पासवर्ड किंवा पिन मागितला तर चांगलं. नवं बोट थेट आत गेलं, तर लिहिणाऱ्यानं ही अट लावलेली नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते अ‍ॅप सही मागतच नाही. ‘बोट पटलं का?’ एवढंच फोनला विचारून ‘हो’ वर दार उघडतं. रूट केलेल्या, म्हणजे अँड्रॉइडवर पूर्ण ताबा मिळवलेल्या फोनवर ते ‘हो’ बनावट करता येतं. सहीचं तसं नाही. अशी अ‍ॅप्स मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा खरोखर राग येतो, कारण हार्डवेअर हातात असतं आणि ते वापरलेलं नसतं.

बँकेला दूर बसून कसं कळतं की किल्ली खरंच चिपमध्ये आहे? किल्ली बनताना सुरक्षित भाग तिच्यासोबत एक प्रमाणपत्र देऊ शकतो. ते आधीपासून विश्वास ठेवलेल्या किल्लीपर्यंत साखळीनं जाऊन पोहोचतं. किल्ली हार्डवेअरमध्ये आहे की नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फोन सुरू करणारा बूटलोडर हा प्रोग्राम कुलूपबंद आहे की उघडलेला, हे त्यात लिहिलेलं असतं. बूटलोडर उघडलेल्या फोनवर बरीच बँक-अ‍ॅप्स चालायला नकार देतात, त्याचं हे एक कारण.

या खोलीलाही भेगा पडतात. अँड्रॉइडमध्ये किल्ली बऱ्याचदा साध्या साठवणीतच असते, पण अशा कुलपात की ते सुरक्षित जगातच उघडावं. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं की सॅमसंगच्या गॅलेक्सी एस8 पासून एस21 पर्यंतच्या फोनांत त्या कुलपात चूक होती. प्रत्येक वेळी कुलूप लावताना एक नवा आकडा वापरावा लागतो. तो आकडा बाहेरून देता येत होता. तोच आकडा दोनदा वापरायला लावला की एका ओळखीच्या मजकुरावरून दुसऱ्या कुलपातली किल्ली उकलता येत होती. त्यासाठी आधी अँड्रॉइडवर ताबा हवा होता, आणि दुरुस्ती 2021 मध्येच आली होती. ज्यांनी अपडेट घेतलं नाही, त्यांना मात्र ती मिळाली नाही.

दुसरी मर्यादा जास्त जिव्हारी लागणारी आहे. फोनवरच्या गोड बोलण्याला भुलून काकींनी स्वतःच बोट लावलं, तर कारकून शिक्का मारणारच. कागद कुणाच्या फायद्याचा आहे, हे त्याला कळत नाही.

काकींचं काम पाच मिनिटांत झालं. आधी सेटिंगमध्ये जाऊन त्यांच्या बोटांशिवाय दुसरं कुठलं बोट उरलं नाही ना, हे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. मगच पासवर्ड टाकून बोटानं लॉगिन पुन्हा सुरू केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नवी किल्ली त्या क्षणी नोंदवलेल्या सगळ्या बोटांना ओळखते. नातवाचं बोट तसंच ठेवून नोंदणी केली असती, तर त्यानंतर ते खातं त्याच्या बोटानंही उघडलं असतं.