परवानगीचं एक वाक्य

(पडद्यावर: हवामान अ‍ॅप पहिल्यांदा उघडतं. परवानगीची चौकट येते.)

"उत्तम अनुभवासाठी तुमचे लोकेशन वापरण्याची परवानगी द्या."

हे वाक्य वाचून काय कळलं? लोकेशन घेणार, एवढंच. नेमकं किती, केव्हा आणि कशासाठी, यातलं काहीच नाही. "उत्तम अनुभव" हे तर कारणच नव्हे. ते कुठल्याही अ‍ॅपला चिकटवता येतं.

पहिली दुरुस्ती कुणालाही सुचेल: "तुमच्या भागातल्या पावसाचा अंदाज दाखवण्यासाठी लोकेशन हवे आहे." कारण आलं. पण लोकेशन किती अचूक? याचं उत्तर लिहिणाऱ्याकडे नसतं, ते कोडमध्ये असतं. कोड उघडून पाहिला, तर अ‍ॅप अचूक लोकेशन मागतंय. म्हणजे माणूस कोणत्या इमारतीपाशी आहे, इथपर्यंत. पावसाच्या अंदाजाला एवढं लागतच नाही. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर अंदाजे लोकेशनची सोय आहे. तेव्हा आधी कोड बदलायचा, मग वाक्य.

(पडद्यावर: सर्व्हरच्या नोंदींची एक ओळ.)

`GET /forecast?lat=18.52&lon=73.86`

आता खरी अडचण. टीमला लिहायचं होतं, "तुमचे ठिकाण आम्ही साठवत नाही." डेटाबेसमध्ये ते खरंच नव्हतं. पण अक्षांश-रेखांश वेबपत्त्यातून जात होते, आणि आलेल्या प्रत्येक विनंतीचा पत्ता सर्व्हर आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवत होता. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, तरीही ते वाक्य खोटं ठरलं असतं. म्हणून लॉगमधून हे आकडे गाळले आणि मगच वाक्य लिहिलं:

"तुमच्या भागातल्या पावसाचा अंदाज दाखवण्यासाठी, अ‍ॅप उघडे असताना तुमचे अंदाजे ठिकाण आमच्या सर्व्हरला पाठवले जाते. ते साठवले जात नाही."

आयफोनवर हे वाक्य थेट चौकटीतच येतं; त्याची जागा `NSLocationWhenInUseUsageDescription`. अँड्रॉइडच्या चौकटीतला मजकूर मात्र अ‍ॅपला बदलता येत नाही. तिथे हेच वाक्य चौकटीच्या आधी, स्वतःच्या पडद्यावर दाखवावं लागतं. त्याच पडद्यावर आणखी एक ओळ हवी: "परवानगी नको असेल तर गावाचे नाव टाइप करा." नकार देणाऱ्याला पुढची वाट दिसलीच पाहिजे.

वाक्य जमलं का, हे तपासायचं कसं? ते एखाद्याला वाचायला द्यायचं, फोन बाजूला ठेवायचा आणि विचारायचं: "अ‍ॅप बंद असताना तुमचं ठिकाण जातं का?" उत्तर "जात असेल बहुतेक" असं आलं, तर "उघडे असताना" हे शब्द नजरेतून निसटले आहेत. मग ते वाक्याच्या सुरुवातीला आणायचे आणि नव्या माणसाला विचारायचं.

उद्या या अ‍ॅपला बंद असतानाही, माणूस असेल तिथल्या पावसाचा इशारा द्यायचा असेल, तर हे वाक्य चालणार नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि ती मागायची वेळ म्हणजे वापरणारा इशाऱ्याचं बटण चालू करतो, तो क्षण.