चांदीचं नाणं आणि एक पोच

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या आठवड्यात खरेदी विभागातल्या माणसाच्या दारावरची बेल जरा जास्तच वाजते. मी बरीच वर्षं एका कारखान्यात खरेदी पाहिली, म्हणून सांगतो.

पुरवठादारांकडून येणाऱ्या भेटींचे नियम थोडक्यात. कॅलेंडर, डायरी, सगळ्यांत वाटता येईल असा मिठाईचा पुडा बहुतेक कंपन्यांत चालतो. रोख, सोनं-चांदी, गिफ्ट व्हाउचर कुठल्याच रकमेचं चालत नाही. आणि कोटेशनं उघडायची असतील किंवा दर ठरायचे असतील, तर पुडाही नको. सरकारी नोकरीत तर २०१८ पासून लाच देणं हाही कायद्याने थेट, स्वतंत्र गुन्हा ठरतो. (पुड्यावरून आठवलं, हल्लीची सोनपापडी घरोघर फक्त फिरते, खात कुणीच नाही. त्यापेक्षा घरची चकली!)

तर किस्सा असा. खोकी पुरवणाऱ्या एका शेठजींकडून घरी सुक्या मेव्याचा डबा आला. मी कारखान्यात. हिने ठेवून घेतला, मुलांनी फोडला. संध्याकाळी पाहतो तर काजू निम्मे संपलेले आणि कागदाखाली चांदीचं नाणं! पुढच्या महिन्यात त्यांचाच वर्षाचा दर ठरायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा टेम्पो माल घेऊन आला. मी नाणं पाकिटात घातलं, ड्रायव्हरला म्हटलं, "शेठना दे." झालं, मी मोकळा. पोच घेतली नाही.

दराची बोलणी सुरू झाली. मी दोन टक्के कमी करा म्हटलं, तसे शेठजी हसून म्हणाले, "साहेब, दिवाळी तर गोड झाली ना?" माझ्या पोटात गोळा आला. नाणं त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं! आता परत केल्याचा पुरावा काय? एक कपटाही नाही.

उठलो, थेट साहेबांकडे गेलो, काजूसकट सगळं सांगितलं. त्यांनी भेटवस्तूंच्या नोंदवहीत तारखेसह लिहायला लावलं आणि त्या वर्षीची बोलणी दुसऱ्याकडे दिली. चार दिवस मान खाली होती.

म्हणून म्हणतो, पोच घ्या. वस्तू परत करायची तर गेट पास करा, टेम्पोच्या चलनासोबत पाठवा आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. खाऊन संपलं असेल तर तेही नोंदवहीत लिहा. पण आधी फोन करा, कारण नुसती वस्तू परत गेली की माणूस दुखावतो. मी पुढे असं म्हणायचो, "शेठ, आठवण ठेवलीत, आनंद झाला. आमच्याकडे नियम आहे, माझ्यासाठी तो मोडायला लावू नका. फराळाला मात्र या."

पुढच्या वर्षी नवरात्रातच सगळ्या पुरवठादारांना कंपनीच्या लेटरहेडवर पत्रं गेली, भेट पाठवू नये म्हणून. खोक्यांचे शेठजी पाडव्याला रिकाम्या हातांनी आले, दोन चकल्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाले, "साहेब, याची पोच देऊ का?"

नमस्कार.