बरणी, झाकण आणि वॅड

[दृश्य: पुणे, रविवार पेठ. सकाळी दुकानांची शटर वर जात आहेत. हातगाडीवर पारदर्शक बरण्यांच्या गोणी.]

पुण्याच्या रविवार पेठेतली ही बोहरी आळी. डबे, बरण्या, पिशव्या, टेप, खोकी, सगळं इथे घाऊक मिळतं. लग्नाच्या रुखवतापासून फरसाणाच्या दुकानापर्यंत सगळ्यांची पावलं इथे वळतात, आणि अलीकडे स्वयंपाकघरातून धंदा सुरू करणाऱ्या बायकांचीही.

[दृश्य: पिशवीतून स्टीलचा डबा काढणाऱ्या ताई. डब्यात कैरीचं लोणचं.]

या ताई त्यांच्यापैकीच एक. घरी कैरीचं लोणचं करतात आणि अर्ध्या अर्ध्या किलोने विकतात. दुकानात येताना लोणचं सोबत आणलंय, कारण बरणीचं माप दुकानदाराच्या तोंडून घ्यायचं नाही, लोणच्याकडून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं आहे.

[दृश्य: छोटा वजनकाटा. बरणी ठेवून काटा शून्यावर. बाटलीतून पाणी ओतलं जातं.]

बरणीवर लिहिलंय ४५० मिली. रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. आकडा आला ४९० ग्रॅम. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलीलीटर, म्हणजे बरणीची खरी जागा ४९० मिली. आता बरणी कोरडी करून त्यात लोणचं. मीठ, मसाला आणि फोडींमुळे लोणचं पाण्यापेक्षा जड असतं. ५०० ग्रॅम झाले तेव्हा वर साधारण बोटभर जागा उरली, आणि तेवढीच हवी असते. पूर्ण ५०० मिलीची बरणी घेतली असती, तर ती दुकानाच्या फळीवर अर्धवट भरल्यासारखी दिसली असती. उलट, याच बरणीत शेंगदाण्याची चटणी भरायला गेलात तर पाव किलोच्या आसपासच बरणी भरते. पदार्थ बदलला की पाणी आणि काटा पुन्हा काढायचा.

[दृश्य: दुकानदार वेगवेगळ्या बरण्या काउंटरवर मांडतो.]

"शेठ, तोंड किती?"
"त्र्याऐंशी."
"आणि वजन?"

हा दुसरा प्रश्न फार कमी गिऱ्हाइकं विचारतात. पेट या पारदर्शक प्लास्टिकची बरणी कारखान्यातून दोन आकड्यांनी निघते. एक तोंडाचा व्यास, इथे ८३ मिलिमीटर. दुसरा, रिकाम्या बरणीत प्लास्टिक किती ग्रॅम आहे. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन बरण्यांत चार-पाच ग्रॅमचा फरक असू शकतो. साचा तोच, पण प्लास्टिक कमी, म्हणून भिंत पातळ.

[दृश्य: काट्यावर एकामागून एक बरण्या. ३२, ३२, ३३. मग दुसऱ्या गोणीतली: २७.]

या दोन्ही गोण्या एकाच पुरवठादाराच्या आहेत. पहिली नमुना पाहून घेतलेली, दुसरी फोनवर मागवलेली. दुसऱ्या गोणीतली बरणी हातात घेऊन झाकण आवळलं की खांद्यापाशी दबते, तोंडाचा काठ किंचित अंडाकृती होतो, आणि झाकणाखालचं फॉइलचं सील नेमकं त्या काठावर बसायचं असतं. त्या गोणीतल्या बरण्यांतून कुरिअरमध्ये तेल गळलं आणि एक मोठी ऑर्डर परत आली.

तेव्हापासून ताई बिलावर दोन गोष्टी लिहून घेतात: तोंड ८३ मिमी, वजन ३२ ग्रॅम. भाव त्याखाली. गोणी उघडल्यावर वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरातल्या काही बरण्या काट्यावर घालायच्या आणि मगच पैसे चुकते करायचे. भरवशाचा पुरवठादार ओळखायचा तो इथे. पहिल्या नमुन्यावरून त्याची परीक्षा होत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही तोच ग्रॅम देतो का, आणि बिलावर लिहून द्यायला कां-कू करतो का, हे पाहायचं.

[दृश्य: बरणीचा तळ, जवळून. बाणांचा त्रिकोण, आत १.]

तळाशी हा त्रिकोण आणि आत १ दिसतो. त्यावरून फक्त इतकं कळतं की बरणी पेटची आहे. ती अन्नासाठी योग्य आहे की नाही, ते हा आकडा सांगत नाही. त्यासाठी कागद मागावा लागतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्नाला थेट लागणाऱ्या वेष्टनासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं.

[दृश्य: प्रमाणपत्राची झेरॉक्स, ओळीवर फिरणारं बोट.]

या कागदावर आयएस ९८४५ हा क्रमांक शोधायचा. प्लास्टिकमधून अन्नात काय आणि किती उतरतं, हे मोजायची ती पद्धत. मर्यादा आहे एक किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम. लोणचं तेलकटही असतं आणि आंबटही, म्हणून दोन ओळी पाहायच्या: तेलकट पदार्थासाठीची एन-हेप्टेनमधली चाचणी आणि आंबटासाठीची ३ टक्के ॲसेटिक ॲसिडमधली. नुसत्या पाण्यातली चाचणी केलेला कागद पिण्याच्या पाण्याच्या बाटलीला चालेल, लोणच्याला पुरत नाही. कागदावरचं कारखान्याचं नाव आपल्या मालाच्या बिलाशी जुळतंय का, तेही बघायचं. एकच झेरॉक्स चार कारखान्यांच्या मालाला दाखवणारेही भेटतात.

[दृश्य: तळहातावर चांदीसारख्या गोल चकत्या.]

आता या चकत्या. बाजारात यांना वॅड म्हणतात. झाकणाच्या आत बसतात. एका बाजूला पुठ्ठा, मध्ये मेणाचा पातळ थर, मग ॲल्युमिनियमची फॉइल, आणि फॉइलच्या खालच्या अंगाला प्लास्टिकचा अगदी पातळ थर. बरणीला चिकटतो तो हाच थर. तो बरणीच्या प्लास्टिकच्या जातीचा असावा लागतो. एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकच्या दुधाळ बाटलीसाठीचा वॅड वेगळा, पेटच्या बरणीसाठीचा वेगळा. तळहातावर ठेवले तर दोन्ही सारखेच चमकतात.

[दृश्य: दोन बरण्या शेजारी शेजारी. एकीची फॉइल अंगठ्याने ढकलताच अख्खी निघते. दुसरीची निघत नाही, टोकरावी लागते.]

डावीकडच्या बरणीला चुकीचा वॅड आहे. चिकटल्यासारखा वाटला, पण अंगठ्याने रेटल्यावर स्वच्छ सुटला. उजवीकडे पेटचा वॅड. म्हणून बरणी एका दुकानातून, झाकण दुसऱ्या आणि वॅड तिसऱ्या दुकानातून घ्यायचे असतील, तर आधी तिन्ही एकत्र आणून सील करून पाहायचं. शक्य असेल तर तिन्ही एकाच माणसाकडून घ्यावेत. भाव थोडा चढा पडेल, पण सील उघडलं तर "झाकणवाल्याला विचारा" असं ऐकावं लागणार नाही.

[दृश्य: हातात धरायचं इंडक्शन सीलिंग मशीन. झाकणावर टेकवलं जातं. बीप.]

हे इंडक्शन सीलिंग मशीन. याचा तवा तापत नाही. आतल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते झाकणातून आरपार जातं आणि फक्त फॉइल तापवतं. फॉइलखालचा थर वितळतो आणि बरणीच्या काठाला धरतो. झाकण प्लास्टिकचंच हवं. पत्र्याचं झाकण असेल तर तेच तापेल.

मशीन घ्यायला जाताना ताई स्वतःच्या बरण्या, स्वतःचे वॅड आणि स्वतःचं लोणचं घेऊन गेल्या. "सगळ्या बाटल्यांना चालतं" हे विक्रेत्याचं वाक्य ८३ मिलिमीटरच्या तोंडावर तपासावं लागतं. छोट्या बाटलीला झटकन सील करणारं मशीन रुंद तोंडाच्या कडेपर्यंत पोचतंच असं नाही.

[दृश्य: सील केलेल्या बरण्यांची रांग. झाकणं एकेक करून उघडली जातात.]

वेळ अशी ठरवायची: एक बरणी एक सेकंद, पुढची दीड, पुढची दोन. गार होऊ द्यायच्या आणि उघडायच्या. वेळ कमी पडली तर फॉइल एका बाजूला सुटलेली दिसते. जास्त झाली तर पुठ्ठा तपकिरी पडतो, जळका वास येतो, झाकणाच्या आट्या मऊ पडतात. नीट बसलेल्या सीलमध्ये मेण वितळून पुठ्ठ्यात मुरतं, पुठ्ठा झाकणात राहतो आणि फॉइल बरणीवर. गिऱ्हाईक महिनोन्महिने लोणचं खातं, तेवढा काळ झाकण घट्ट बसवायला तोच पुठ्ठा कामी येतो.

[दृश्य: स्वयंपाकघर. लांब नळीचं नरसाळं, बरणीचा काठ पुसणारं कोरडं फडकं.]

आणि सील न बसण्याचं सगळ्यात मोठं कारण मशीनमध्ये नसतंच. ते या काठावर असतं. तेलाचा पुसटसा ओघळ काठावर राहिला, की तेवढ्या जागी थर धरत नाही. म्हणून नरसाळ्याची नळी बरणीच्या गळ्याखाली उतरवून भरायचं, काठ कोरड्या फडक्याने पुसायचा, आणि मगच झाकण.

[दृश्य: वर्तमानपत्रावर उलट्या ठेवलेल्या बरण्या. बाहेर रात्र. सकाळी एका बरणीखाली तेलाचं कडं.]

प्रत्येक नव्या गोणीतल्या काही बरण्या रात्रभर अशा उलट्या राहतात. कागदावर कडं उमटलं, की ती गोणी बाजूला.

[दृश्य: लेबलचा रोल. बरणीभोवती मोजपट्टी.]

लेबल सगळ्यात शेवटी. बरणी ठरल्याशिवाय लेबल छापायला टाकायचं नाही, कारण त्याची उंची बरणीच्या सरळ भागात मावली पाहिजे. खांद्याच्या वळणावर गेलं की सुरकुती पडते आणि कडा उचलते. साधं क्रोमो कागदाचं लेबल तेलाचा हात लागला की जागोजागी पारदर्शक होतं. लोणच्याला पीपीचं, म्हणजे फाटत नाही ते प्लास्टिकचं लेबल घ्यावं.

[दृश्य: लेबल जवळून. १४ अंकी परवाना क्रमांक, हिरवा ठिपका, रिकामी चौकट.]

नाव, उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, हिरवी खूण, पत्ता, एमआरपी हे छापूनच येतं. बॅच आणि तारखा दर वेळी बदलतात, म्हणून ही चौकट मोकळी. छापखान्याला सांगायचं की या चौकटीवर लॅमिनेशन किंवा वार्निश नको. गुळगुळीत थरावर शिक्क्याची शाई बसत नाही, बोटाला निघून येते, आणि तारीख पुसलेली बरणी दुकानदार ठेवत नाही. सुरुवातीला डिजिटल छपाईवर थोडीच लेबलं काढलेली बरी. किंमत बदलली की उरलेला रोल वाया जातो.

[दृश्य: गॅसवर मुरांबा. काचेची बरणी, पत्र्याचं झाकण.]

ताई आता मुरांबाही विकणार आहेत. तो गरम असतानाच भरायचा, आणि पेटची बरणी ७० अंशांच्या पुढे मऊ पडते, आकार सोडते. त्यामुळे वर पाहिलेली सगळी जोडणी इथे निकामी. मुरांब्यासाठी काचेची बरणी आणि आत रबरासारख्या थराचं, थोडं वळवून आवळायचं पत्र्याचं झाकण हवं. त्या झाकणाला इंडक्शन मशीनचा उपयोग नाही. काच थंडगार असताना उकळता पाक ओतला तर ती तडकते, म्हणून बरण्या आधी गरम पाण्यात ठेवायच्या. पुढची खेप काचवाल्याकडे. लोणच्याच्या बरण्या मात्र त्याच दुकानातून येतील, बिलावर ३२ ग्रॅम लिहून.